पाने आधी पाठवा, मग भेटा

कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्या सर्व प्राध्यापक सहकाऱ्यांस,



दर सहामाहीला तुम्हाला संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या आरएसीपुढे, प्रगती सादर करावी लागते. सामाजिक शास्त्रांची मार्गदर्शक म्हणून मी त्या टेबलाच्या पलीकडे बसते. तिथे एक स्लाइड पुन्हा पुन्हा दिसते. ‘साहित्याचा आढावा: सुरू. क्षेत्रकार्य: पूर्ण. लेखन: सुरुवात करावयाची आहे.’ सहा महिन्यांनी तीच स्लाइड येते, फक्त तारीख बदललेली असते. सादर करणारी व्यक्ती आळशी नसते. आठवड्याचे सोळा तास वर्गात शिकवून ती नॅकच्या फायली सांभाळते, परीक्षा विभागाचे काम ओढते. विषयावर प्रश्न विचारला, तर अर्धा तास नेमके बोलते. पाने मात्र नसतात.

मी विचारते, ‘गाईडना शेवटचे कधी भेटलात?’ उत्तर बहुतेक वेळा एकच येते, ‘थोडं लिहून झालं की भेटणारच होते.’ अडचण या उत्तरातच आहे. लिहिले नाही म्हणून भेट पुढे ढकलायची. भेट ढकलली म्हणून ठरलेली तारीख नाही, आणि तारीख नाही म्हणून लिहिण्याची निकड नाही. त्यात जितका काळ जाईल तितके जास्त काही दाखवायला हवे, असे मनाला वाटू लागते. दोन महिन्यांनी दहा पाने नेली तर चालले असते. आठ महिन्यांनी अख्खे प्रकरण न्यावे लागेल असे वाटते, आणि अख्खे प्रकरण तर तयार नसतेच. मार्गदर्शकाकडून न आलेल्या अपेक्षेचे ओझे संशोधक स्वतःच वाढवत राहतो.

म्हणून या पत्रात मी एकच गोष्ट सांगणार आहे. रोजचे लेखन आणि मार्गदर्शकाची भेट या दोन वेगळ्या शिस्ती नाहीत. भेटीची तारीख रोजच्या लेखनाला मुक्काम देते आणि रोजचे लेखन भेटीला बोलण्याचा विषय देते. एक ढिली पडली की दुसरी आपोआप बंद पडते. त्यामुळे दोन्ही एकत्रच बसवाव्या लागतात.

आधी वेळेचा हिशेब पाहू. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क धरून तीन वर्षे आहे आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. आपल्या विषयांत प्रबंध साधारण सत्तर हजार शब्दांचा धरू. रोज तीनशे शब्द, आठवड्यातून चार दिवस, वर्षातले चाळीस आठवडे लिहिले, तर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार शब्द होतात. त्यातले निम्मे पुढे कापले जातील किंवा पुन्हा लिहावे लागतील, असे मोकळेपणाने मान्य केले तरी वर्षाला चोवीस हजार टिकाऊ शब्द उरतात. तीन वर्षांत प्रबंध उभा राहतो. या हिशेबात दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळजवळ मोकळ्या सोडल्या आहेत. ‘मे महिन्यात बसून सगळं लिहून काढीन’ या बेतावर तो उभा नाही. मे महिन्यात पेपर तपासणी असते, घरची लग्ने असतात, कधी निवडणुकीची ड्युटी लागते.

हे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका संशोधिकेच्या उदाहरणावरून पाहू. ती मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी समाजशास्त्र शिकवते. विषय आहे ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ही जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या भागात जातात. मुलांना बरोबर न्यायचे, की आजी-आजोबांकडे गावी ठेवून हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर शाळा चालू ठेवायची, हा निर्णय दरवर्षी घरात होतो. तिच्या मुलाखती झाल्या आहेत, त्या कागदावर उतरवूनही झाल्या आहेत, पण लेखन सुरू होत नाही.

तिने वेळ निवडली ती सकाळी साडेसात ते सव्वाआठ, कॉलेजात विभागाच्या खोलीत. पहिला तास साडेआठला असतो. पहाटे घरी लिहिण्याचा सल्ला तिला अनेकांनी दिला होता, पण घरी त्या वेळी डबे आणि मुलीची शाळा असते. वेळ निवडताना ‘मी कधी ताजी असते’ यापेक्षा ‘मला कोण कधी हाक मारते’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. ज्या पाऊण तासात कोणाचा हक्काने फोन येत नाही, तो तुमचा. सलग तीन तास मिळतील तेव्हाच लिहिता येते, ही समजूत शिकवणाऱ्या माणसाला सर्वात महाग पडते, कारण सलग तीन तास सहसा मिळत नाहीत. मिळाले तर त्यातला पहिला तास मागचे आठवण्यात जातो.

रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात प्राध्यापकांच्या लेखनसवयींवर बरेच काम केले. एका प्रयोगात त्यांनी काही जणांना सुचेल तेव्हा लिहायला सांगितले आणि काहींना ठरल्या वेळी, सुचो न सुचो, लिहायला लावले. ठरल्या वेळी लिहिणाऱ्यांची पाने जास्त झाली, हे अपेक्षितच होते. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. गट लहान होता, त्यामुळे या निष्कर्षाला ब्रह्मवाक्य मानू नये. न्यूझीलंडच्या हेलन स्वॉर्ड यांनी पुढे अनेक देशांतल्या प्राध्यापकांशी बोलून २०१६ मध्ये दाखवले, की उत्तम लिहिणाऱ्यांतले बहुसंख्य रोज लिहीत नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर आपल्यापुरते इतके पुरे: सातही दिवस लिहिण्याचा हट्ट नको, पण लिहिण्याचे वार आणि वेळ आधी ठरलेली हवी. आमच्या संशोधिकेचे चार वार ठरले. शुक्रवार आणि शनिवार दुपार तिने वाचनासाठी आणि संदर्भ जुळवण्यासाठी ठेवली.

ही विभागणी महत्त्वाची आहे. वाचन, मुलाखतींचे वर्गीकरण, संदर्भसूची नीट करणे ही सगळी प्रबंधाचीच कामे आहेत, पण लेखनाच्या पाऊण तासात ती घुसली की लेखन संपते. लिहिताना एखाद्या ग्रंथाचा पृष्ठक्रमांक आठवत नसेल, तर चौकटी कंसात ‘पृष्ठ पाहणे’ असे लिहून पुढे जायचे. शोधायला उठलात की त्या पुस्तकातले आणखी एक प्रकरण वाचाल, आणि पहिला तास सुरू होईल.

दुसरी गोष्ट म्हणजे बसताना काम किती मोठे हातात घ्यायचे. ‘आज तिसरे प्रकरण’ हे काम नव्हे. पाऊण तासात संपेल असा एक प्रश्न हवा. तिच्या वहीत एका दिवसाचे काम असे लिहिले होते: ‘मुलाखत ७ आणि मुलाखत १२. दोन्ही घरांची उचल जवळपास सारखी. एकीकडे मोठी मुलगी फडावर गेली, दुसरीकडे गावी राहिली. फरक कशाने?’ तिने मुलाखती पुन्हा चाळल्या नाहीत. आठवणीतून लिहायला घेतले. पहिल्या घरात मागची उचल पूर्ण फिटलेली नव्हती, आजी नव्हती, आणि धाकटे मूल वर्षाचेही नव्हते. कोपीवर त्याला सांभाळायला मुलगी लागणार होती. दुसऱ्या घरात आजी होती. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आले, की आईवडिलांचे शिक्षणाविषयीचे मत दोन्ही घरांत एकच होते, मुलीने शिकावे. म्हणजे प्रस्तावात तिने ज्या ‘पालकांच्या उदासीनतेवर’ भर दिला होता, ती निदान या दोन घरांत दिसत नव्हती. हा शोध मुलाखती वाचताना लागला नव्हता. दोन घरे एका परिच्छेदात शेजारी मांडावी लागली तेव्हा लागला. आधी विचार पक्का करून मग लिहू, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

उठण्याआधीची शेवटची पाच मिनिटे तिने उद्यासाठी ठेवली. वहीत तारीख, आज काय लिहिले ते एका ओळीत, कुठे अडले ते एका ओळीत, आणि उद्याचा प्रश्न. त्या दिवशीची नोंद होती, ‘उद्या: आजी असूनही मूल फडावर गेले, असे घर आहे का?’ दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसण्याचा प्रसंग येत नाही, कारण पहिले वाक्य त्या प्रश्नाचे उत्तर असते.

परीक्षांच्या काळात हे मोडणार, हे धरूनच चाला. त्या तीन-चार आठवड्यांत नवे लेखन करू नका. वेळ मात्र सोडू नका. त्याच वेळी पंधरा-वीस मिनिटे बसून चौकटी कंसातले पृष्ठक्रमांक भरा, तक्त्यांची शीर्षके नीट करा. काम हलके असले तरी प्रबंधाची फाइल उघडली जाते, आणि परीक्षा संपल्यावर परत येणे सोपे होते. खंड पडलाच, तर ‘बुडालेले’ शब्द भरून काढायला जाऊ नका. एका दिवशी दीड हजार शब्दांचे लक्ष्य ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी बसत नाही.

बसवलेली घडी बिघडते आहे हे कसे ओळखायचे? शब्द वाढत आहेत पण फक्त उताऱ्यांचे आणि संदर्भांचे, असे दिसले की. प्रस्तावना चौथ्यांदा सुधारली जाते आहे आणि तिसरे प्रकरण जिथल्या तिथे आहे, असे दिसले की. वहीत ‘कुठे अडले’ या ओळीत तीन दिवस एकच गोष्ट आली, तर ती एकट्याने सुटणारी नाही. ती मार्गदर्शकाकडे न्यायची. इथून भेटीचा विषय सुरू होतो.

तुमच्या मार्गदर्शकांकडे तुम्ही एकटे नसता. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. संशोधक असू शकतात. त्यांचेही तास, समित्या, परीक्षा असतात. मागच्या भेटीत तुमच्याशी काय बोलणे झाले, ते त्यांना जसेच्या तसे आठवेल ही अपेक्षा धरू नका. भेट चालवण्याची जबाबदारी तुमची आहे. यात मान-अपमानाचा प्रश्न नाही. प्रबंध तुमचा आहे.

भेट तीन आठवड्यांनी असावी, आणि एका भेटीतून उठताना पुढच्या भेटीची तारीख ठरलेली असावी. विभागाच्या व्हरांड्यात ‘काय, कसं चाललंय?’ ‘चाललंय, सर’ एवढे झाले, तर ती भेट नव्हे. चार दिवस आधी पाने पाठवायची. तीन आठवड्यांत बारा बैठका होतात, म्हणजे साडेतीन हजार शब्दांच्या आसपास. त्यातले निवडून सहा ते आठ पाने पाठवली तरी पुष्कळ. पन्नास पाने पाठवली तर ती सावकाश वाचायला म्हणून बाजूला पडतात. सात पाने प्रवासातही वाचून होतात.

पानांबरोबर एक छोटे टिपण हवे. आमच्या संशोधिकेचे टिपण असे होते:

‘सर, सोबत तिसऱ्या प्रकरणातली सात पाने आहेत. हा पहिला खर्डा आहे. भाषा आणि संदर्भ अजून नीट केलेले नाहीत, ते कृपया या वेळी पाहू नयेत. या पानांत माझे म्हणणे असे, की मूल फडावर जाणार की गावी राहणार, हे पालकांच्या आस्थेपेक्षा मागच्या उचलीची बाकी आणि घरी मागे कोण राहते यावर ठरते. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, माझ्याकडच्या मुलाखतींवर हे विधान उभे राहते का, की ते आणखी मर्यादित करू? दोन, मुकादमांच्या मुलाखती याच प्रकरणात घ्याव्या की चौथ्यात? तीन, पान ५ वरचा तक्ता ठेवावा का?’

या टिपणाने दोन कामे होतात. पाने कोणत्या अवस्थेतली आहेत हे कळल्यामुळे मार्गदर्शक ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात वेळ घालवत नाहीत. आणि प्रश्न नेमके असल्यामुळे उत्तरेही नेमकी येतात. ‘पाने वाचून अभिप्राय द्यावा’ एवढेच लिहिले, तर ‘ठीक आहे, अजून वाचन वाढवा’ असे उत्तर येते आणि त्यातून काहीच हाती लागत नाही.

नेमका प्रश्न विचारूनही मोघम सूचना येऊ शकते. तेव्हा मान डोलावून उठू नका, तिथल्या तिथे ती पानावर आणा. ‘मांडणी विस्कळीत आहे’ असे म्हटले, तर विचारा, ‘सर, कोणत्या पानापासून तसं वाटलं?’ ‘सिद्धांत कमी आहे’ असे म्हटले, तर विचारा, ‘या परिच्छेदात कोणता सिद्धांत आणला तर माझं म्हणणं बदलेल?’ आदर राखून विचारलेला असा प्रश्न कोणत्याही चांगल्या मार्गदर्शकाला आवडतो. मतभेद असेल तर तोही पानावरच मांडा. आमच्या संशोधिकेच्या मार्गदर्शकांना पालकांच्या उदासीनतेचा मुद्दा सोडवत नव्हता, कारण मंजूर प्रस्तावात तो होता. तिने वाद घातला नाही. मुलाखत ७ आणि १२ चा तो परिच्छेद उघडून वाचून दाखवला. ठरले असे, की मुद्दा काढायचा नाही; प्रस्तावातले गृहीतक क्षेत्रकार्यात कसे टिकले नाही, हेच प्रकरणाचे सूत्र करायचे.

भेट झाली त्याच संध्याकाळी एक मेल पाठवायचा. चार-पाच ओळी पुरतात:

‘सर, आज ठरले ते असे. विधान “अभ्यासलेल्या कुटुंबांत” असे मर्यादित ठेवायचे. मुकादमांच्या मुलाखती चौथ्या प्रकरणात, तिसऱ्यात फक्त उल्लेख. तक्ता काढून दोन कुटुंबांची उदाहरणे सविस्तर द्यायची. पुढची पाने १४ तारखेला पाठवते, भेट १८ तारखेला दुपारी तीन वाजता. काही राहिले असल्यास कळवावे.’

हा मेल म्हणजे औपचारिकता नव्हे. सहा महिन्यांनी ‘मुकादम इथे का नाहीत?’ असा प्रश्न त्याच मार्गदर्शकांकडून आला, तर दोघांपुढे काय ठरले होते ते असते. त्यावर निर्णय बदलता येतो, पण तो बदलला जातो आहे हे दोघांना कळते. आरएसीची वेळ येते तेव्हा असे आठ मेल एकत्र करून प्रगती अहवाल तासाभरात तयार होतो. आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला बसताना पहिले काम समोर लिहिलेले असते.

मार्गदर्शकांकडून उत्तरच येत नसेल, तर काय? पाने पाठवून दोन आठवडे झाले, एकदा आठवण केली, तरी शांतता. थांबू नका. कळवा, ‘सर, आपण व्यग्र असाल. १० तारखेपर्यंत सूचना आल्यास त्याप्रमाणे बदल करीन. तोपर्यंत याच मांडणीने पुढचा भाग लिहायला घेते.’ आणि खरोखर घ्या. असे दोन-तीनदा झाले, तर आरएसीत कोणाला दोष न देता पाने कधी पाठवली आणि भेटी कधी झाल्या, एवढे तारखांसह मांडा. समिती त्यासाठीच आहे. तारखा नसतील तर ती तक्रार वाटते. तारखा असल्या की समितीला मार्ग काढावा लागतो, मग तो सहमार्गदर्शक देण्याचा असो की भेटींचे वेळापत्रक ठरवून देण्याचा. या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे: ज्या मार्गदर्शकाला वाचायचेच नाही, त्याला कोणतेही टिपण वाचायला लावू शकत नाही. पण तसे आहे हे तुम्हाला दुसऱ्या सहामाहीत कळेल, पाचव्या वर्षी नाही.

आता सर्वात कठीण दिवस. भेट परवा आहे आणि पाने झालेली नाहीत. घरी आजारपण होते, कॉलेजात नॅक होती, कारण खरे आहे. अशा वेळी फोन करून भेट रद्द करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण मी सुरुवातीला सांगितलेले चक्र नेमके याच फोनपासून सुरू होते. वही उघडा आणि ‘कुठे अडले’ या ओळींमधून एक पान तयार करा: काय लिहायचे होते, कितपत झाले, कशापाशी थांबले, आणि पुढचे तीन आठवडे कोणते वार मोकळे आहेत. हे एक पान घेऊन वीस मिनिटे भेटा. लिहिता न येण्याचे कारण पुष्कळदा वेळेचा अभाव नसते. प्रकरणाची मांडणीच अडवत असते, आणि ते वीस मिनिटांच्या बोलण्यात उघड होते.

तुम्ही वर्गात विद्यार्थ्यांना अपूर्ण प्रकल्प घेऊन या, बघू, असे सांगता. तेच तुमचे मार्गदर्शक तुम्हाला सांगत आहेत असे समजा. पुढच्या आरएसीला मला तुमच्याकडून पूर्ण प्रकरण नको आहे. मागच्या सहा महिन्यांतल्या भेटींच्या तारखा, प्रत्येक भेटीला पाठवलेली पाने आणि तेव्हा काय ठरले, एवढे एका कागदावर आणा. तो कागद भरलेला असेल, तर प्रबंध वेळेत होईल की नाही हे समितीने विचारण्याची गरज उरणार नाही. पुढच्या भेटीची तारीख अजून ठरलेली नसेल, तर आज ती मागून घ्या, आणि त्या तारखेच्या चार दिवस आधीच्या तारखेवर खूण करा. उद्याचा पाऊण तास त्या खुणेसाठी आहे.

आपली,
एक संशोधन मार्गदर्शक